निर्दोष साखळी

ठाकुर्लीच्या ज्युनिअर कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकवायचे. अकरावीच्या चाचणीत शेवटचा प्रश्न ठरलेला: चार विधानांची साखळी रचा, एका निष्कर्षाला पोचा. पुस्तकातलं ‘सर्व माणसं मर्त्य आहेत’ मला चालत नसे. साखळी स्वतःच्या घरातली हवी. विधानं खरी की खोटी हे मी बघणार नाही, फक्त जोड तपासीन, असं मी तोऱ्यात सांगायचे.

एकतीस नंबरच्या मुलीने लिहिलं होतं: ‘आमच्या घरातल्या सर्व मुली उलट बोलणाऱ्या आहेत. उलट बोलणाऱ्या सर्व मुली घराला जड असतात. घराला जड असलेल्या सर्व मुलींची लग्नं लवकर उरकतात. लग्न उरकलेली एकही मुलगी बारावीला बसत नाही. म्हणून आमच्या घरातली एकही मुलगी बारावीला बसत नाही.’

मी लाल पेनाने एकेक जोड तपासला. प्रत्येक विधानाचं शेपूट पुढच्याचं तोंड होतं. नकार एकच, तोही शेवटच्या विधानात, म्हणजे हवा तिथेच. पैकीच्या पैकी मार्क दिले, शेजारी ‘निर्दोष’ लिहिलं आणि तो पेपर वर्गात वाचूनही दाखवला. ती मान खाली घालून ऐकत होती.

जूनमध्ये बारावीची हजेरी घेताना एकतीसला कोणी ‘हजर’ म्हणालं नाही. मी पुन्हा पुकारलं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, “मॅडम, तिचं लग्न झालं.”

रिटायर झाले, तरी तो लाल शब्द डोळ्यांसमोरून हलत नाही. ‘घराला जड’ हे दुसरं विधान धडधडीत खोटं होतं. समासात एवढंच लिहायचं होतं.