चढती रेघ

माझं दुकान आदिलाबादला बसस्टँडच्या मागे आहे. टीव्ही दुरुस्त करता करता हात बसला. टीव्हीचं काम आटलं तेव्हा इन्व्हर्टर आणि कारखान्यांतल्या मशीनची कंट्रोल कार्डं हातात घेतली. कुणी शिकवलं नाही. शिकवायला नाही म्हणणारे मात्र पुष्कळ भेटले आणि त्यांचे चेहरे मला आजही लख्ख आठवतात.

तसाच आठवणारा एक चेहरा कापसाच्या जिनिंगच्या सेठचा. त्याच्या रुईच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसचं कार्ड मी कितीतरी हंगाम चालतं ठेवलं. मग त्याने मशीन वाढवलं आणि देखभाल नागपूरच्या एका कंपनीला दिली. ते चालतं. पण वजनकाट्यावर कापसाच्या गाड्या लागलेल्या, हमाल उभे, तेव्हा सगळ्यांसमोर तो म्हणाला, "तू जुगाडवाला माणूस. आता खरे इंजिनिअर येतील." मीही तिथेच चार शब्द सुनावले आणि परत त्या फाटकात पाय ठेवणार नाही असं सांगून निघालो.

तरीही मला जावं लागलं, कारण माझी मोठी बहीण त्याच प्रेसवर कामाला आहे. तिला मी अक्का म्हणतो. सकाळी तिचा फोन आला.

"भाऊ, दट्ट्या आपोआप उतरला."

"म्हणजे?"

"पेटीचं दार उघडं होतं. मी कोपऱ्यातली रुई झाडून राह्यली होती. वरून आला. झाडू गेला."

"आणि हात?"

"हात हायेत. दोनी हायेत. तू ये."

अक्का साप निघाला तरी आवाज चढवत नाही. त्या दिवशी तिचा आवाज नेहमीपेक्षाही सपाट होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. तारेतली वीज पडद्यावर रेघ करून दाखवणारा ऑसिलोस्कोप पिशवीत घातला आणि निघालो.

प्रेसचं काम असं चालतं. रुई पेटीत भरली की दार बंद होतं आणि वरून दट्ट्या उतरून ती दाबतो. मग दार उघडतं, गाठीला तारा बांधतात, दट्ट्या वर जायला लागला की गाठ बाहेर ढकलतात. पेटीच्या कोपऱ्यांत जी रुई राहते ती बायका, दट्ट्या वर पोचायच्या आधीच, हात घालून झाडतात. दाराला एक सेन्सर आहे. दार बंद असलं की त्याच्या तारेवर चोवीस व्होल्ट येतात, उघडं असलं की शून्य. शून्यावरून वर चढताना दिसलं की कार्डाला वाटतं, दार आत्ता लागलं. मग ते दट्ट्या खाली सोडतं. कार्डाला डोळे नाहीत. त्याला ती एक तारच दिसते.

सेठ प्रेसजवळच उभा होता. मला पाहून त्याने नागपूरला लावलेला फोन खाली घेतला. "सेन्सर बदलला आहे. दोन गाठी काढल्या, काही झालं नाही. फाटकाबाहेर रोडपर्यंत गाड्या आहेत. जेवणाच्या सुट्टीत काय बघायचं ते बघ. सुट्टी झाली की मशीन चालू."

"आणि दोष नाही सापडला तर?"

"तर दोष नव्हता."

मी अक्काला बाजूला घेतलं. "आज तू पेटीपाशी जाऊ नको."

"मी नाही गेली तं त्या नव्या पोरीला लावतील. तिला तं हेही माहीत नाही का दट्ट्याकडे पाहात हात घालाव लागते."

"मग दोघीही नका जाऊ."

"तू सेठसंग भांडून बाहेर पडला, तुझं दुकान हाय. आमी कुठं जावं?" ती शांतपणे म्हणाली आणि मोडक्या झाडूचा दांडा भिंतीला टेकवून बसली.

सुट्टीत ऑपरेटरला थांबवून घेतलं. तेलुगू माणूस, सगळ्याला "सरे सार", म्हणजे बरं साहेब, म्हणतो, पण सांगितलं तेवढंच बटण दाबतो. स्कोपचं टोक कार्डात जिथे सेन्सरची तार येते तिथे लावलं. दार उघडं होतं. पडद्यावर सरळ शून्याची रेघ दिसायला हवी होती. त्याऐवजी एक लाट उजवीकडे सरकत होती, जशी कुणी मागून ओढत आहे. ती थांबेना.

लाट सरकते याचं कारण मला माहीत होतं. स्कोप एकच चित्र पुन्हापुन्हा काढतो. प्रत्येक चित्र लाटेच्या त्याच जागेपासून सुरू झालं तर ते एकावर एक बसतं आणि स्थिर दिसतं. ती जागा ट्रिगर ठरवतो आणि त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: किती व्होल्टवर, ती लेव्हल; आणि वर चढताना की खाली उतरताना, तो स्लोप. माझी लेव्हल लाटेच्या डोक्यावरून जात होती. लाट तिथवर पोचतच नव्हती, म्हणून ऑटोवर ठेवलेला स्कोप वाट पाहून कंटाळायचा आणि मनाला येईल तिथून रेघ ओढायचा. लेव्हल खाली, लाटेच्या मधोमध आणली. लाट गपकन थांबली. मोटारींच्या विजेची गुणगुण होती ती, एकदोन व्होल्टची. एवढ्याने कार्ड फसत नाही.

सेठ खांद्यावरून बघत होता. "थांबली की. झालं?"

"ही थांबली. जी पाहिजे ती अजून आलीच नाही."

दट्ट्या एकदाच आपोआप उतरला, म्हणजे तारेवरचा झटकाही एकदाच येणारा; तो ऑटोवर असा दिसत नाही. आला तरी पुढचं चित्र त्याच्यावर बसतं आणि डोळ्याला कळतही नाही. सेठने त्याचा फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे नागपूरचा इंजिनिअर. माझ्या मनात त्याच्यासाठी काय काय साठलं होतं, पण तो साधेपणाने म्हणाला, "दादा, ऑटोवरून काढा. सिंगलवर ठेवा. लेव्हल कार्डाच्या हद्दीपाशी आणा, म्हणजे कार्ड फसतं तेव्हाच तुमचा स्कोप उडेल. एकदा पकडलं की गोठून राहील." बरोबर सांगितलं त्याने. मी हूं म्हणालो. आभार मानले नाहीत.

दहा व्होल्टच्या आसपास गेलं की कार्ड दार बंद समजतं. लेव्हल दहावर नेली, सिंगल दाबलं, आणि ऑपरेटरला पूर्ण फेरी करायला सांगितलं. दट्ट्या उतरला, रुई दबली, दार उघडलं. पडदा भरला. चोवीसवरून शून्यावर आलेली स्वच्छ रेघ. दट्ट्या वर गेला. काही नाही. पुन्हा केलं. पुन्हा तीच रेघ. आणखी एकदा. तीच.

"पाहा," सेठ म्हणाला, "किती साफ आहे."

साफ होती. मलाही वाटलं, असेल बाबा, सेन्सरच खराब होता. "ठीक आहे" हे शब्द तोंडाशी आले होते. पलीकडे बायका हात धुऊन उठत होत्या, अक्काने पदर कमरेला खोचला होता. तेव्हा माझं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या खुणेवर गेलं. स्लोपची खूण. खाली उतरणारी.

टीव्हीच्या सिग्नलमधला ताल खाली जाणाऱ्या ठोक्याचा असतो. इतकी वर्षं तेच पकडत आलो, म्हणून माझ्या स्कोपचा स्लोप कायम उतरता. त्या उतरत्या स्लोपमुळे दार उघडलं की रेघ दहा व्होल्टमधून खाली जायची आणि सिंगलचं एकच चित्र तिथेच खर्च व्हायचं. त्यानंतर दट्ट्या वर जाऊन थांबेपर्यंत, म्हणजे अक्काचा हात आत असण्याच्या वेळेला, माझा स्कोप गोठून बसलेला. जे बघायला आलो होतो तेव्हाच मी आंधळा होतो.

"कुणी हात नाही लावायचा," मी ओरडलो. अक्का थांबली.

स्लोप चढता केला. दार उघडू दिलं, त्यानंतरच सिंगल दाबलं. आता रेघ शून्यावर होती, आणि दार बंद न करता ती दहाच्या वर चढली तर तो चढ खोटाच. पडदा कोरा. ऑपरेटरने एक बांबू पेटीच्या तोंडात आडवा घातला, अक्काचा हात असतो तिथे.

"वर ने."

दट्ट्या वर गेला. टोकाला पोचला. दट्ट्याला तेल सोडणारा व्हॉल्व्ह टक् करून बंद झाला. काही नाही. पडदा कोरा. दुसरी फेरी, तसंच. सेठ घड्याळ बघायला लागला. तिसऱ्या फेरीत टक् झालं आणि पडदा भरला, आणि मी पडद्याकडे बघेपर्यंत बांबू कडाडला.

बांबूचे दोन तुकडे अक्काच्या पायाशी येऊन पडले. ऑपरेटरने लाल बटण दाबून धरलं होतं, सोडायला तयार नव्हता. मी पडद्याकडे पाहिलं कारण दुसरीकडे पाहायची हिंमत नव्हती. स्कोप ट्रिगरच्या आधीचंही थोडं राखून ठेवतो. त्यात दिसलं: रेघ आधी खाली डुबकी मारते, मग उसळून दहाच्या बरीच वर जाते, आणि हेलकावे खात शून्यावर येते. दार उघडंच. दुसरं टोक व्हॉल्व्ह उघडणाऱ्या विजेच्या कॉइलवर लावून बघितलं, तर कॉइल बंद होण्याच्या क्षणालाच ही उसळी. कॉइल बंद होतानाचा धक्का गिळायला तिच्यावर डायोड असतो, तो जळलेला. तिचा धक्का शेजारून जाणाऱ्या सेन्सरच्या तारेत शिरत होता. कार्डावर तो जिरवायला एक कपॅसिटर असतो, तोही वाळलेला. कधी उसळी हद्दीच्या आत राहायची, कधी ओलांडायची. म्हणून दोन गाठी नीट निघत आणि तिसरीला झाडू जाई.

सेठ हळू आवाजात म्हणाला, "किती वेळ लागेल?"

मोलभाव मी आयुष्यभर केला आहे, पण बांबूचे तुकडे समोर ठेवून कधी नाही. "डायोड, कपॅसिटर, आणि सेन्सरची तार वेगळ्या पाइपातून. आणि व्हॉल्व्हच्या आधी तेल अडवणारी, हातानं बंद करायची चावी बसवायची. झाडणारी बाई चावी स्वतः फिरवेल, मगच हात घालेल. कार्ड काय म्हणते ते चुलीत गेलं."

"चावी उद्या बसवू."

"मग मशीन उद्या."

"गाड्या उभ्या आहेत रे."

"उभ्या राहू दे. तो बांबू उचला आणि गाडीवाल्यांना दाखवा काऊन उभ्या हायेत ते."

सेठने बांबू उचलला नाही. पण फिटरला बोलावलं. पाइपातून तार ओढून चावी बसेपर्यंत ऊन कलायला आलं होतं. पुढेही देखभाल नागपूरकडेच राहिली. ते मी विसरलेलो नाही, हेही लिहून ठेवतो.

शेवटी पुन्हा स्कोप लावला. लेव्हल दहा, स्लोप चढता, दार उघडल्यावर सिंगल. फेऱ्यांमागून फेऱ्या. टक्, टक्. पडदा कोरा. कोऱ्या पडद्याकडे मी इतकं टक लावून कधी पाहिलं नव्हतं.

अक्का नवा झाडू घेऊन आली. चावी फिरवली, ओढून बघितली. "आता घालू का हात?"

मला हो म्हणवेना. मीच पुढे झालो आणि दट्ट्याखाली हात घातला, कोपऱ्यापर्यंत. तळहाताला रुईचे तंतू चिकटले. वर काळं, तेलकट लोखंड दिसत होतं. मान वळवून मी पडद्याकडे बघत राहिलो.

"निघ आता," अक्का म्हणाली. "तुला झाडता येत नाही."

ती झाडायला लागली. मी पडद्यासमोरून हललो नाही.