वरच्या आठ सूचना

पाचवीच्या मुलांची ती पहिलीच खरी परीक्षा होती. चौथीपर्यंत वर्कशीटवरच लिहायचं, इथून पुढे प्रश्नपत्रिका वेगळी आणि उत्तरपत्रिका वेगळी. विज्ञानाचा पेपर मी काढला होता. वर आठ सूचना टाकल्या, दहावीच्या पेपरवर असतात तशा ऐटीत. पेपर पाचव्या पानावर जाऊ नये म्हणून त्यांचा टाइप मात्र बारीक केला.

वर्गावर देखरेखही माझीच. पहिली पंधरा मिनिटं वाचनाची. तेव्हाच सूचना मोठ्याने वाचून दाखवायच्या असतात. मी वाचल्या नाहीत. छापल्या आहेत की, असं म्हणून पाणी पीत बसले. शेवटच्या बाकावरची बेळगावकडची मुलगी मान खाली घालून सारखी लिहीत होती. तिला बघून मला बरंच वाटत होतं.

स्टाफरूममध्ये गठ्ठा चाळला तर तिची उत्तरपत्रिका कोरी. नाव, रोल नंबर, बस्स. क्षणभर काही कळेना, मग लक्षात आलं. तिने सगळं प्रश्नपत्रिकेवर लिहिलं होतं, आणि प्रश्नपत्रिका घरी न्यायची असते. तीही माझीच आठवी सूचना.

बस सुटायच्या बेतात होत्या. सर्जापूर रोडच्या गर्दीत एकदा बस शिरली की संपलंच. मी धावले. ''स्वल्प थांबा अण्णा,'' असं अर्ध्या कन्नडात म्हणत ड्रायव्हरपुढे हात आडवा केला आणि आत चढले. पोरीने दप्तरातून पेपर काढून दिला. रिकाम्या जागा भरलेल्या, समासात उत्तरं दाटीवाटीने लिहिलेली, बहुतेक बरोबर.

''वरच्या सूचना वाचल्या नाहीस?'' माझा आवाज चढला. चूक कुणाची ते ठाऊक होतं, म्हणूनच चढला.

''ते बारीक अक्षरातलं मोठ्यांसाठी असतंय न्हवं, मिस?''

मुख्याध्यापिकांना मी खरं सांगितलं. वर्गाबाहेर गेलेला पेपर तपासता येत नाही, त्या म्हणाल्या; दुसरा पेपर काढा, उद्या तिची एकटीची परीक्षा घ्या. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. उगाच पुन्हापुन्हा वाटत राहिलं, ही घाबरली आणि आता येतं तेही विसरली तर?

सकाळी रिकाम्या वर्गात ती आणि मी. या वेळी सूचना मोठ्या अक्षरात होत्या, तरी एकेक सावकाश वाचली, समजावली. उत्तरं कुठे लिहायची ते तिच्या उत्तरपत्रिकेवर बोट ठेवून दाखवलं. आठही ऐकून झाल्यावर ती पेनाचं टोपण काढत म्हणाली,

''एवढंच व्हतं? मग काल का सांगितला नाही, मिस?''

रागाने नाही, सहज विचारलं. मी घड्याळ बघितलं आणि लिहायला सुरुवात कर म्हणाले.