पंधरा आणि सोळा

मीरा रोडला स्टेशनजवळच्या एका जनुकीय तपासणीच्या लॅबमध्ये मी रिपोर्ट लिहिते. रुग्ण क्वचितच दिसतो. आमचं काम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. म्हणून त्या दोघी आल्या तेव्हा मी जरा गोंधळलेच.

उत्तनहून आलेल्या सासू-सुना. सून चार महिन्यांची गरोदर. तिच्या थोरल्या लेकराला थॅलेसेमिया, त्याला दर महिन्याला रक्त चढवावं लागतं. पोटातल्या बाळालाही तोच आजार आहे का, हे आम्ही तपासलं होतं. बाळ फक्त वाहक निघालं: बापाकडचा एक दोष आलाय, आईकडचा नाही, म्हणजे आजार नाही. रिपोर्ट मीच लिहिला होता, आणि तो लिहिताना मी खूश होते.

"डॉक्टर म्हणाले, बाळ चांगलं आहे," सून म्हणाली. "पण मी घरी कागद लावून बघितले." तिने दोन कागद टेबलावर ठेवले. पहिला दुसऱ्या एका लॅबचा, नवऱ्याचा, थोरल्याच्या वेळचा. त्यात लिहिलं होतं, कोडॉन १५, म्हणजे जनुकातल्या पंधराव्या तीन अक्षरी शब्दात बदल. आमच्या रिपोर्टमध्ये बाळापुढे होतं, c.47G>A, p.(Trp16Ter).

"ह्यांच्यात पंधरा आहे, बाळात सोळा. माझ्यात तर तिसरंच काहीतरी आहे." तिने कागद माझ्याकडे सरकवले. "हे उद्या होडीवरून येणार. सोळा कुठून आलं विचारलं तर मी काय सांगू?"

तेव्हा मला उमगलं की ही आजाराला घाबरत नव्हती. बाळ कुणाचं, या प्रश्नाला घाबरत होती.

मी त्यांना बसवलं. या जनुकातल्या बदलांची जुनी नावं म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. प्रथिन तयार झालं की त्याचा पहिला तुकडा कापला जातो, म्हणून जुने लोक तो मोजतच नसत. आताचा नियम पहिल्या तुकड्यापासून मोजतो, म्हणून प्रथिनाचा आकडा एकाने वाढतो. "या समोरच्या बिल्डिंगसारखं," मी म्हटलं. "कुणी तळमजला सोडून पंधरावा मजला म्हणतं, कुणी तळमजला धरून सोळावा. घर तेच."

सून ऐकत होती, पण डोळे कागदावरच. नुसत्या उपमेने जीव थाऱ्यावर येत नाही हे मला कळत होतं. मी कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. बाळाचा नमुना तपासताना आम्ही आईबापांचं रक्तही सोबतच तपासणीला लावतो. ही आमची पद्धत. बापाच्या ओळीत अकराव्या गुणसूत्रावरची जागा होती 5226975, तिथे C च्या जागी T. बाळाच्या ओळीतही तेच. "इथे C आणि रिपोर्टमध्ये G का?" तिने लगेच विचारलं. हुशार पोरगी! मी सांगितलं की डीएनएचे दोन धागे असतात आणि हे जनुक समोरच्या धाग्यावर उलट्या दिशेने वाचलं जातं, म्हणून अक्षरांची जोडी पालटते. जागा मात्र एकच. तिने दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं.

मग मी रिपोर्टवर सही करणाऱ्या सरांकडे गेले. आमचे सर प्रमाण नावांचे कट्टर भक्त. जुनं नाव रिपोर्टमध्ये दिसलं की त्यांच्या कपाळाला आठ्या. "मी नियम मोडा म्हणत नाही," मी म्हटलं. "नियमाचं नाव आधी, त्याला लागून 'जुन्या पद्धतीत कोडॉन १५', आणि हाच बदल वडिलांमध्येही आढळला अशी ओळ." सर म्हणाले, "नियमात बसतं. पण जुना रिपोर्ट त्यांनी दिला होता, मग हे आपण आधीच का लिहिलं नाही?" मी तिथेच बसून ती ओळ टाइप केली. त्यांनी सुधारित रिपोर्टवर सही केली, आणि तेव्हापासून जुना रिपोर्ट सोबत आला की आम्ही दोन्ही नावं लिहितो.

नवा कागद वाचून सून रडली. मोकळी रडली. सासू पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. माझ्यातल्या चौकस बाईला काही राहवेना. सून तोंड धुवायला गेली तशी मी विचारलं, "मावशी, तुम्हालाही शंका होती का हो?"

"मना कशाला?" ती म्हणाली. "ती जेवत न्हाय, झोपत न्हाय, म्हणून तिला घेऊन आले."

"पण आकडा खरंच वेगळा निघाला असता तर?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू या शिकलेल्या बाईला एवढंही कळू नये.

"तर काय? पोर आमच्याच घरात येनार हाय, बाय."