नाक सरळ लाटेत

आमच्या मोताळ्याकडल्या लोकायले वाटते का मी जहाज चालोतो. मी काही चालोत नाई. कॅप्टन साहेब आकडा सांगते, मी तो आकडा मोठ्यानं परत म्हणतो अन् चाक फिरोतो. दहावी तिसऱ्या खेपेले सुटली, तीबी मास्तर कंटाळले म्हून. पण आकडा परत म्हणायले मले जमते. एकदा तेवढंबी जमलं नाई, ते सांगतो.

कंटेनरचं जहाज होतं, तीनशे मीटर लांब. उत्तर प्रशांत महासागर, हिवाळा, दुपारची माही ड्युटी. वाऱ्यानं तीन दिवस पाणी घुसळून ठेवलेलं. लाटा पश्चिमेकडून येत होत्या अन् आम्हीबी पश्चिमेलेच चाललो होतो, कंपासच्या दोनशे सत्तर अंशावर, म्हणजे लाट सरळ नाकावर. नाक उचले, मंग खाली आपटे. आपटलं का अख्खं जहाज थरथरे. म्हून साहेबानं सकाळीच वेग चौदा नॉटवरून सातवर आणला होता.

साहेब कोकणातले, कमी बोलणारे. ब्रिजवर, म्हणजे चाकाच्या खोलीत, सेकंड ऑफिसर मॅडम होत्या, पुण्याच्या, माह्यापेक्षा पंधरा वर्षांनं लहान.

आपटणं थांबलं तसं मले बरं वाटलं. मी म्हटलं, "मॅडम, आता कसं मस्त चालून राह्यलं."

"चालून राह्यलं," त्या हसल्या. "तुमचं ऐकलं की मला वाटतं जहाज एस. टी. स्टँडवर लागलंय."

एवढं बोलणं झालं अन् जहाज उजवीकडं कललं. जास्त नाई, पाचेक अंश. मंग डावीकडं दहा. मंग उजवीकडं अठरा. बाजूनं एक लाट नव्हती, सगळ्या समोरूनच, तरी जहाज दर खेपेले जास्तच कलून राह्यलं. चौथ्या खेपेले मॅडम झुकावाच्या काट्याकडं पाहून म्हणाल्या, "अठ्ठावीस, सर." त्यायचं हसू गेलं होतं. चहाचे कप, फायली, साहेबाचा चष्मा सगळं एका भिंतीले. मी चाकाले मिठी मारून होतो. मॅडमनं पाह्यलं तं म्हटलं, धरून ठेवतो, पडाले नको. कोण पडाले नको, ते सांगितलं नाई.

साहेब घड्याळ घेऊन उभे राह्यले. एक पूर्ण हेलकावा, इकडून तिकडं अन् परत, चोवीस सेकंद. समोरची लाट दर बारा सेकंदाले.

"बरोब्बर निम्मं," ते म्हणाले. "झोका पाहिलायस ना?"

"हाव साहेब. नागपंचमीले."

"उभं राहून झोका चढवतात, तेव्हा एका पूर्ण झोक्यात दोनदा बसतात अन् दोनदा उठतात. धक्का कोणी देत नाही, तरी झोका वर जातो. लाटेचा माथा मधे आला की नाक आणि शेपूट उघडी पडतात, जहाज लटपटतं. लाटेचा खड्डा मधे आला की दोन्ही टोकं पाण्यात जातात, जहाज ताठ होतं. एका हेलकाव्यात दोनदा. आपणच स्वतःला चढवतोय."

तेवढ्यात खालून फोन आला. चीफ इंजिनिअर. स्पीकरवर सगळ्यायले ऐकू आलं. "साहेब, तेलाचा अलार्म वाजला. टाकीतलं तेल एका कोपऱ्यात जातंय, पंप हवा ओढतोय. असाच कललात तर इंजिन आपोआप बंद होईल."

इंजिन बंद म्हणजे जहाज लाटेले आडवं होणार. आडव्या जहाजावर तसल्या लाटा आल्या का मंग चाक धरा का सोडा, काहीच फरक नाई. आम्ही बावीस माणसं होतो. माह्या डोक्यात लगेच आलं का घरच्यांनी मले पोहता येते असं सगळ्यायले सांगितलेलं आहे.

साहेबानं दोन मोठ्या लाटा जाऊ देल्या. जरा बारक्या आल्या तशी ऑर्डर सुटली, "स्टारबोर्ड टेन."

"स्टारबोर्ड टेन, सर." म्हणजे सुकाणू उजवीकडं दहा अंश.

"तीनशे पाचवर आण. लाट नाकाच्या डाव्या खांद्यावर, तिरकी घ्यायची. वेग बारापर्यंत." मंग माह्याकडं पाहून, "वेग वाढला अन् लाट तिरकी गेली की तो निम्म्याचा ताल मोडतो. जहाज हलेल, पण चढत जाणार नाही. तीनशे पाच. कळलं?"

"तीनशे पाच, साहेब."

कळलं होतं. आकडा कळला होता.

तीनशे पाचवर आलो अन् जहाज वेडंवाकडं हलाले लागलं. डावीकडं दहा, उजवीकडं बारा, मधेच नाक गरगरे. आधी समोरून येणारी लाट मले पाह्यता येत होती. ही तं खांद्यावर येऊन खिडकीत फुटे. माह्या पोटाले वाटलं हेच धोक्याचं. आमच्या इकडं ट्रॅक्टर चढावर घालाचा तं सरळ घालाचा, तिरका घातला का पलटी. लाट नाकाले उजवीकडं ढकले, मी डावीकडं चाक मारे. मारायचं तेवढं मारून थांबलो असतो तं ठीक. मी दर खेपेले जरा जास्तच मारलं. तीनशे, दोनशे त्र्याण्णव, दोनशे चौऱ्याऐंशी. नाक लाटेकडं गेलं तसं हलणं कमी झालं. मले आनंद झाला. म्हटलं, पाहा, साहेबापेक्षा आपल्याले जास्त कळते.

तो आनंद मिनिटभर टिकला. उजवीकडं आठ, डावीकडं सोळा, उजवीकडं पंचवीस. बाहेर लोखंड फाटल्यावाणी आवाज झाला, मागच्या कंटेनरची एक थप्पी कलली. खालचा फोन चालूच होता, त्यावर तोच अलार्म वाजाले लागला.

"सर, हेडिंग दोनशे ब्याऐंशी," मॅडम म्हणाल्या.

साहेब ओरडले नाई. माह्या कानाजवळ आले. "कोणी सांगितलं?"

"कोणी नाई, साहेब. मीच."

"काऊन?" कोकणातल्या माणसानं आमचा शब्द वापरला, तेव्हा मले समजलं का आता हसण्याची वेळ नाई.

"सरळ घेतलं का कमी हलते असं वाटलं."

"कमी हलतं तेच फसवतं. हलू दे. मला तीनशे पाच पाहिजे. देतोस की दुसरा माणूस बोलावू?"

दुसरा माणूस खालून जिन्यानं येणार, त्या कलत्या जहाजात. त्याचे हातपाय मोडले असते ते माह्या अकलेमुळं. "देतो, साहेब," म्हटलं. साहेबानं परत बारक्या लाटा पाह्यल्या, परत स्टारबोर्ड टेन. मी खिडकीबाहेर पाहणं बंद केलं. पोटाले जे वाटे त्याले वाटू देलं. डोळे फक्त आकड्यावर. लाट ढकले, पाच अंश चाक, परत मधे, थांब. तीनशे तीन. तीनशे सात. तीनशे पाच. खांद्यावर पाणी फुटे, पण काटा पंधराच्या वर गेला नाई. फोनवरचा अलार्म बंद झाला.

चार तास मी तेच केलं. मधे ड्युटी बदलाची वेळ झाली तं साहेबानं विचारलं, "सोडतोस?" मी नाई म्हटलं. हिंमत नव्हती ती, बोटं चाकावरून सुटत नव्हती. तरी त्या बोटायनं आकडा धरून ठेवला. संध्याकाळी वारा फिरला, लाटा बुटक्या झाल्या, अन् खालून चीफ इंजिनिअर म्हणाले, "इंजिन ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी साहेब कललेल्या थप्पीचा रिपोर्ट लिहीत होते. मी टोपी काढून समोर उभा राह्यलो. "साहेब, त्यात लिवा का नाक लाटेकडं मी आणलं. समुद्रानं नाई."

"जहाजाच्या रेकॉर्डरमध्ये नोंदलंय ते," वर न पाहता ते म्हणाले. "आणि मीही दोन मिनिटं कंपासकडे पाहिलं नाही. तेही लिहिलंय. उभा का आहेस? बारा वाजले, चाकावर जा."

गेलो. आधीच्या माणसानं आकडा सांगितला, मी मोठ्यानं परत म्हटला.