पडद्यावरची यमुना

मी आग्र्याला कधीच गेलेले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण एकदा ते वेळेवर सांगितलं नाही आणि त्याची झळ भलत्याच माणसाला बसली.

लग्न होऊन मी जालन्याला आले तेव्हा आमचे हे प्राथमिक शाळेत मास्तर होते. पन्नास सालानंतरची ती वर्षं. पगार बेताचा, फिरणं म्हणजे बाजारापर्यंत. माझी चुलत बहीण मात्र औरंगाबादला दिलेली. तिनं वेरूळच्या लेण्यापुढे नवऱ्याबरोबर काढलेला फोटो माहेरी पाठवला आणि गावभर तिचं कौतुक झालं. माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट. ते कौतुक ऐकून माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

बाजारपेठेत एका फोटोवाल्याच्या दुकानात ताजमहालाचा पडदा होता. भिंतभर कापड, त्यावर रंगवलेला ताजमहाल, पुढे यमुना आणि यमुनेत एक होडी. वर छपराला काचा बसवलेल्या, त्यातून उजेड यायचा. फोटोवाल्यानं पडद्याची खालची किनार झाकेल अशी सतरंजी अंथरली आणि आम्हाला पडद्यापासून चार हात पुढे उभं केलं.

"जवळ उभं राह्यलं की सावली पडते कापडावर. मंग समदं उघडं पडतं," तो म्हणाला. काळ्या कापडाखाली डोकं घालून त्यानं बराच वेळ काहीतरी बघितलं, मग बाहेर येऊन कॅमेऱ्यात फोटोची काच बसवली. "आता बिलकुल हलायचं न्हाई." त्यानं कॅमेऱ्याच्या डोळ्यावरचं झाकण काढलं, मनात आकडे मोजले आणि झाकण परत लावलं. झालं.

चार दिवसांनी फोटो आणायला गेलो. मी बघतच राहिले. आम्ही दोघं स्पष्ट, मागचा ताजमहाल किंचित धुरकट, दूर असल्यासारखा. कापडाची एकही सुरकुती दिसत नव्हती. फोटोवाल्यानं फोटो पालथा केला, जालन्याचं नाव असलेला दुकानाचा शिक्का हातात घेतला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "शिक्का मारू का? ताजमहालवाल्यांना बहुतेक नको असतो."

हे म्हणाले, "मारा की." मी म्हणाले, "नको." घरी येऊन फोटोच्या पाठीवर मी माझ्या हातानं लिहिलं, 'आग्रा, ताजमहालासमोर'. ह्यांनी वाचलं. म्हणाले, "जालना लिही. चित्रापुढं उभं राहिलो म्हणून कुणी आपल्याला हसणार नाही." मी म्हणाले, तुम्ही शाळेतल्या पोरांना शिकवा. त्यांनी हात झटकले आणि पाकिटावर माझ्या माहेरचा पत्ता लिहून दिला.

माझं माहेर भोकरदनकडचं एक खेडं. आई लहानपणीच गेली. मला वाढवलं आत्यानं. ती बालविधवा, भावाच्या घरी राहायची, आणि गावात तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. कुणाच्या घरी वाटणीचं भांडण असलं तरी आत्याला विचारायचे, कारण ती खोटं बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिला अक्षरओळख नव्हती. फोटोमागचं तिला शेजारच्या पोरीनं वाचून दाखवलं. आत्यानं फोटोला चौकट करून घेतली आणि तो देवघराशेजारी लावला.

सहा महिन्यांनी नागपंचमीला मी माहेरी गेले. बायका भोवती जमल्या. दगड कसा होता, विचारलं. मी म्हणाले, "थंडगार. पांढराफेक." एका खोट्याला दहा टेकू लागतात म्हणतात, मी वीस लावले. आत्या मात्र चुलीपाशी बसून भाकरी थापत होती. एकही प्रश्न तिनं विचारला नाही. माझ्याशी नीट बोलतही नव्हती. मला वाटलं, वय झालं, थकली असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. आत्यानं देव्हाऱ्यातून एक लहान तांब्याचा गडू काढून माझ्यापुढे ठेवला. तोंड मेणानं बंद केलेलं, पण फोडून पुन्हा लावल्यासारखं.

"हे काय?" मी विचारलं.

"यमुनेचं पाणी. तू आणलेलं."

मला काही कळेना. आत्या खाली बघून बोलत राहिली. "फोटो आल्ता तवा आळीतल्या बाया विचारू लागल्या, पोरगी एवढ्या लांब गेल्ती, आत्याला यमुनेचं पाणी आणलं का न्हाई? काय सांगू? न्हाई म्हणले तर तुला नावं ठेवतील. म्हणले, आणलं, येणाऱ्या माणसाच्या हाती धाडलं. मंग दाखवा म्हणतील म्हणून आपल्या विहिरीचं भरून ठेवलं."

आमच्याकडची रीत अशी की गंगा-यमुनेकडे कुणीही गेलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी बंद गडू घेऊन येतं. शेवटच्या घडीला ते पाणी तोंडात पडावं, एवढीच म्हाताऱ्यांची आस. ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. पडद्यापुढे उभी होते तेव्हा ती डोक्यातही आली नाही, कारण मी यमुनेवर नव्हतेच.

"मागच्या महिन्यात शेजारचे तात्या गेले," आत्या म्हणाली. "जीव जाईना. त्यांची बायको पळत आली, म्हणली, तुमच्याकडं यमुनेचं पाणी हाय, जल्दी द्या. मी काय करू? दिलं. तुळशीचं पान घालून तिनं त्यांच्या तोंडात सोडलं, आन् ते शांत झाले. ती माझ्या पाया पडली, बाई. विहिरीच्या पाण्यासाठी."

आत्या रडत नव्हती. गडूचं तोंड ती पदरानं पुन्हा पुन्हा पुसत होती. मी त्या घरात वाढले, पण तिला असं कधी बघितलं नव्हतं. मला माझी इतकी लाज वाटली की क्षणभर वाटलं, गप्प बसावं, संध्याकाळची गाडी धरावी आणि जालना गाठावं. तसं केलं असतं तर ते पाप ती जन्मभर एकटी वाहत राहिली असती.

"आत्या, मी आग्र्याला गेले नाही," मी म्हणाले. "तो पडदा आहे. जालन्याच्या बाजारातला. कापडावर रंगवलेला."

तिनं उठून चौकट खाली काढली. उजेडात नेली. होडीवरून बोट फिरवलं.

"मंग ही नदी?"

"चित्रातली."

"आन् मागं लिहिलंय ते?"

"मी लिहिलं. खोटं."

आता ती मारेल, असं मला वाटलं. मारावं, असंही वाटलं. चौकट बाजूला ठेवून ती खाली बसली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू सैल झाला.

"म्हंजे तू यमुनेवर गेलीच न्हाईस," ती म्हणाली. "मंग मला विसरलीबी न्हाईस."

सहा महिने ती हेच गिळून बसली होती. माझ्या खोट्यामुळे ती खोटं बोलली होती, तिच्या हातून नको ते झालं होतं, आणि तिला सगळ्यात जास्त लागलं होतं ते हे, की जिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं ती नदीकाठी उभी राहून फोटो काढते आणि आपली आठवण काढत नाही. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

मग आम्ही दोघी शेजारी गेलो. वाटेत ती म्हणाली, "पाण्याचं मी सांगते, फोटोचं तू सांग." तात्यांच्या बायकोनं सगळं ऐकलं, आत गेली आणि दार लोटून घेतलं. ती पुढं दोन वर्षं आत्याशी बोलली नाही. आत्यानं तिला बोल लावला नाही.

परतताना विहिरीवर बायका पाणी भरत होत्या. मी मान खाली घालून पुढे निघाले, पण आत्या थांबली. तिनं त्यांना स्वतःहून सगळं सांगितलं, गडूचंही. आणि शेवटी माझ्या दंडाला धरून मला पुढे ओढत म्हणाली, "आमची पोरगी आग्र्याला गेलीच न्हाई." चुलत बहिणीचा वेरूळचा फोटो आला तेव्हासुद्धा गावात कुणी इतक्या अभिमानानं बोललं नव्हतं.