पिशवीवरचा पोपटी

राजेश्वरी कामशेतला डिझाइनची कामं करते. वडिवळ्याच्या आमच्या शेतकरी गटाची तांदळाची पिशवी हे तिचं पहिलं मोठं काम. यावरच तिचं नाव होणार होतं. तिने दोन फाइली केल्या: फोनवर पाठवायला आरजीबी, छापायला सीएमवायके. "फोन उजेडाने रंग दाखवतो, कागद शाईने. हा झगझगीत पोपटी शाईत येत नाही," असं सांगून तिने छपाईसाठी जरा गडद हिरवा निवडला आणि छापील नमुन्यावर अध्यक्ष कैलासभाऊंची सही घेतली.

भाऊंनी मात्र परस्पर फोनवरचंच चित्र छापखान्यात धाडलं. दोन हजार पिशव्या शेवाळी निघाल्या.

बैठकीत त्यांनी एक पिशवी तिच्यापुढे फेकली. "ह्यो तांदूळ हाय का गुरांचा पाला? तुला काम येत न्हाई!"

तिने भाऊंनी सही केलेला नमुना शेजारी ठेवला. तो स्वच्छ हिरवा होता. "कुठली फाइल दिलीत, भाऊ?"

भाऊ फोन चाळत राहिले. सगळ्यांना कळलं होतं, तरी कुणी बोललं नाही. मी सचिव, मीही नाही. त्या खोलीतल्या प्रत्येकाची मला किळस आली. माझी सर्वांत जास्त.

"पुढची पिशवी दुसऱ्याकडून करून घ्या," असं म्हणून राजेश्वरी नमुना घेऊन निघून गेली.