अपेक्षा : ओरडणारा नसावा

आयटीआयची इलेक्ट्रिशियनची दोन वर्षं संपली, निकाल लागला, पेढे वाटून झाले, आणि त्याच संध्याकाळी आईनं मला बजावलं, "दिवाळीपावतर नोकरी लागली त लागली. नाही त तुळशीचं लगन झालं की मी पोरं पाह्यले लागतो." आईचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मला लग्नाचं वावडं नव्हतं, पण हातात पकड धरायला शिकून बसले असताना कुणीतरी मला कांदेपोहे घेऊन बाहेर यायला सांगावं, या विचारानंच माझं डोकं तापायचं. तसं ते लवकरच तापतं.

दिवाळीला आठ-दहा दिवस असताना वाशिमला रोजगार मेळावा असल्याचं कळलं. मंगरूळपीरला ज्यांच्या दुकानात मी आयटीआय करता करता आठ महिने मोटर भरायचं, म्हणजे जळक्या मोटरीत नवी तार घालायचं काम शिकले, त्या चाचांना मी विचारलं, सोबत काय नेऊ? चाचांनी दुकानाच्या लेटरहेडवर दोन ओळींचा दाखला दिला आणि म्हणाले, "बेटा, बायोडाटा बनवून घे. अन ध्यानात ठेव, मार्क त सगळ्याइचेच राह्यते. तुह्या हातानं काय केलं ते दिसलं पाह्यजे."

मेळाव्याच्या दिवशी सकाळीच मी बसस्टँडजवळच्या कॉम्प्युटरवाल्या काकूंकडे गेले. "काकू, बायोडाटा करून द्या. लवकर, माही बस हाय."

काकूंनी माझ्याकडे मोठ्या मायेनं पाहिलं. नाव, जन्मतारीख, शिक्षण विचारलं. मग उंची विचारली. खांबावर चढायचं काम, उंची लागत असेल, म्हणून मी सांगितली. मग जन्मवेळ.

"वेळ कायले पाह्यजे?"

"लागते व बाई. मामा कुठचे?"

"अनसिंगचे." सरकारी फॉर्ममध्ये याहून विचित्र प्रश्न मी भरले होते. पण मनात चाचांचा शब्द होता, म्हणून म्हटलं, "काकू, अनुभव लिहा ना. आठ महिन्याचा हाय."

काकूंचे हात कीबोर्डवर थांबले. "अनुभव? अवं माय, याच्यात अनुभव नसते लिहीत!"

मला वाटलं, नव्या पोरांचा लिहीत नसतील. हिरमुसले, पण बाहेर बस हॉर्न देत होती. "बरं, अपेक्षा सांग," काकू म्हणाल्या.

ही मात्र मी झटक्यात सांगितली. "बाहेरगाव चालते. काम शिकवणारे पाह्यजे. उगाच ओरडणारे नोको. अन रविवारी सुट्टी."

"बरोबर हाय," काकू टाइप करता करता म्हणाल्या. "पयलेच सांगतलेलं बरं." त्यांनी फोटो चिकटवला, कागद पाकिटात घातला, आणि "चांगलं होईल तुहं" म्हणत निरोप दिला. मी पळत बस गाठली. वाशिमपर्यंत उभीच होते, एका हातानं दांडी आणि दुसऱ्या हातानं फाइल धरून. पाकीट उघडून पाहायची बुद्धी काही झाली नाही.

मेळाव्यात अकोल्याच्या एमआयडीसीतल्या पंपांच्या एका कंपनीचं टेबल होतं. तिथंच मला जायचं होतं. साहेबांनी कागद काढला, चष्मा सारखा केला आणि वाचू लागले. वाचता वाचता त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलायला लागलं.

"श्री गणेशाय नमः," ते म्हणाले. "मामा अनसिंगचे. वर्ण गव्हाळ. आणि अपेक्षा : बाहेरगावचा चालेल. शिकवणारा असावा. ओरडणारा नसावा. रविवारी सुट्टी असावी." त्यांनी वर पाहिलं. "मी ओरडतो कधीकधी. चालेल का?"

मागची अख्खी रांग हसली. माझे कान असे तापले की त्यावर भाकरी भाजली असती. त्या दोन क्षणांत मला सगळं दिसलं : काकूंची माया, जन्मवेळ, अनुभव लिहीत नसतात. आमच्याकडे बायोडाटा म्हटलं की लोकांना आधी लग्नच आठवतं, आणि मी तिथं कशाचा बायोडाटा ते सांगितलंच नव्हतं. तुळशीच्या लग्नाआधीच माझा कागद निघाला होता, तोही माझ्याच हातानं.

घरी पळून जावंसं वाटलं. पण रागानं माझी नेहमी बाजू घेतली आहे, त्या दिवशीही घेतली. मी कागद परत ओढला. "साहेब, याची मागची बाजू कोरी आहे. मला पंधरा मिनिटं द्या."

मंडपाच्या खांबाशी खाली बसले आणि पिशवीतली वही काढली. चाचांच्या दुकानात भरलेल्या प्रत्येक मोटरीची नोंद त्यात होती : किती वेढे, कोणत्या गेजची तार, कनेक्शन कसं. सगळ्यात वर लिहिलं, मोटर रिवाइंडिंग, आठ महिने, एकतीस मोटरी. जळकी मोटर उघडणं, जुन्या गुंडाळीची मापं घेणं, स्लॉटमध्ये कागद घालून नवी तार भरणं, तपासणी. त्यातल्या दोन परत आल्या, कारण शोधून पुन्हा भरल्या, हेही लिहिलं. मग छोटे कोर्स, आणि प्रत्येकापुढे मी स्वतः काय केलं ते : सोलर पंप बसवण्याचा पंधरा दिवसांचा, त्यात पॅनलची जोडणी केली, सुरक्षितता आणि प्रथमोपचाराचा दोन दिवसांचा, कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा. त्याखाली आयटीआय. दहावीचे मार्क सगळ्यात खाली.

साहेबांनी या वेळी हसत वाचलं नाही. "दोन परत का आल्या?"

"एकीचं बेअरिंग. दुसरीत स्लॉटचा कागद फाटला होता, तार बॉडीला लागली. घाईत मी मेगर लावून करंट बॉडीत उतरतो का ते तपासलं नव्हतं. तेव्हापासून मेगर लावल्याशिवाय मोटर दुकानाबाहेर जाऊ देत नाही."

"आणि पाण्यानं भरलेल्या सबमर्सिबलला वॉर्निश कोणतं लावायचीस?"

मी त्यांच्याकडे बघितलं. हा माणूस मला खड्ड्यात घालत होता. "कोणतंच नाही. तिची तारच प्लास्टिकच्या आवरणाची असते. वॉर्निश पाण्याबाहेर बसवायच्या मोटरला."

त्यांनी चाचांचा दाखला आणि माझी सर्टिफिकेटं पाहिली, कागदाच्या फक्त मागच्या बाजूची झेरॉक्स काढून घेतली आणि मूळ कागद मला परत दिला. "दिवाळीनंतर अकोल्याला रुजू व्हा. रविवारी सुट्टी असते." इतका आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. परतीच्या बसमध्ये जागा मिळाली तरी मला बसवेना.

घरी आईला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. तिनं कागद मागितला. पुढची बाजू वाचून ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग उलटून मागची वाचायला घेतली, एकेक शब्द जुळवत, बोट फिरवत. एकतीस मोटरींपाशी बोट थांबलं.

"याच्यात आपल्या विहिरीवरची हाय का?"

"हाय. मागच्या हरभऱ्याच्या टायमाले जळली होती ते."

"ते तू भरली?" आई माझ्याकडे बघतच राहिली. "अन मी पाणी सुरू झालं की रोज चाचाले दुवा देत होतो!"

तिनं कागदाची घडी घातली. मी फाडायला हात पुढे केला, तर तिनं माझ्या हातावर चापट मारली.

"फाडू नोको. कवातरी पोराकडचे येतीन, त्याइले हाच देऊ." मग घडी पाकिटात सरकवत म्हणाली, "घाई नाही आता. पण मागची बाजू पयले वाचा म्हणाव."